विषय: सहाय्यक संपादक पदाचा स्वीकार, आणि रुजू होण्याच्या तारखेबद्दल एक विचारणा

शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४

आदरणीय देशपांडे मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी पाठवलेले नियुक्तिपत्र मिळाले. सहाय्यक संपादक हे पद मी आनंदाने स्वीकारते. पत्राच्या प्रत्येक पानावर सही करून त्याची स्कॅन केलेली प्रत सोबत जोडली आहे. दरमहा ४२,००० रुपये एकूण वेतन, सहा महिन्यांचा परिविक्षा काळ, सदाशिव पेठेतल्या कार्यालयाची सकाळी १० ते सायंकाळी ६ ही वेळ आणि रविवारची साप्ताहिक सुट्टी, हे सारे मुलाखतीत बोलल्याप्रमाणेच आहे आणि मला मान्य आहे.

एकच गोष्ट विचारायची आहे. पत्रात रुजू होण्याची तारीख १ डिसेंबर २०२४ अशी आहे. तारीख दिसली की वार ताडून पाहायचा, ही मुद्रितशोधनातली जुनी खोड. त्या दिवशी रविवार निघाला. आपण फोनवर "महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी या" असे म्हणाला होतात. त्यानुसार मी सोमवार, २ डिसेंबरला सकाळी १० वाजता हजर होण्याच्या तयारीत आहे. पण कागदोपत्री माझी सेवा १ डिसेंबरपासून धरली जाईल की २ डिसेंबरपासून, हे कृपया कळवावे.

परिविक्षा काळ ३१ मे २०२५ रोजी संपेल असे कलम ४ मध्ये आहे, ते १ डिसेंबर धरले तरच जुळते. २ डिसेंबर धरले तर तो १ जूनला संपेल. (तोही नेमका रविवारच आहे.) एका दिवसाच्या पगारासाठी मी हे विचारत नाही, तसा गैरसमज कृपया नसावा. माझे भविष्य निर्वाह निधीचे खाते आपल्या आस्थापनेकडे वर्ग होईल तेव्हा रुजू झाल्याची तारीख नोंदवावी लागेल. नियुक्तिपत्रात एक तारीख आणि हजेरीपटावर दुसरी, असे झाले तर पुढे दुरुस्तीसाठी आपल्या लेखा विभागालाही हेलपाटे पडतील आणि मलाही. आपण जी तारीख सांगाल ती मला चालेल. सगळीकडे एकच असावी, एवढीच विनंती.

माझ्याकडून तारखेला कुठलीही अडचण नाही. सध्याच्या वृत्तपत्रात एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. मी सोमवारी, वसुबारसेच्या दिवशी, राजीनामा देणार आहे आणि माझा तिथला शेवटचा दिवस शनिवार, ३० नोव्हेंबर असेल. वरिष्ठांशी तोंडी बोलणे झाले आहे. विधानसभेचे मतदान २० तारखेला आणि मतमोजणी २३ ला असल्यामुळे त्याआधी डेस्क सोडणे मला शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर तशा आठवड्यात सहकाऱ्यांना सोडून निघणे मनालाही पटले नसते. रविवारी सकाळच्या कोयना एक्स्प्रेसने कोल्हापूरहून निघेन. पुण्यात पहिले काही दिवस मावशीकडे राहणार आहे, त्यामुळे खोली मिळण्यावर काही अडून नाही.

कार्यमुक्तीचे पत्र ३० तारखेला हातात पडेल. ते, शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती, आधार आणि पॅन कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन छायाचित्रे मी पहिल्या दिवशी सोबत आणेन. आणखी काही लागणार असेल तर याच ईमेलच्या उत्तरात सांगावे.

तारखेबद्दल दोन ओळींचे उत्तर आले तरी पुरे. माझ्यासाठी नवे पत्र काढण्याची गरज नाही. आपल्याकडे सुधारित पत्र देण्याची पद्धत असेल तर त्यावरही सही करून पाठवीन. दिवाळीसाठी कार्यालय बंद होण्यापूर्वी कळले तर बरे होईल.

जाता जाता एक कबुली. मुलाखतीच्या दिवशी तपासायला दिलेला सोळा पानांचा फॉर्म मी परत केला, पण अकराव्या पानावरचा 'दुरावस्था' माझ्या नजरेतून सुटला, हे परतीच्या एसटीत पेठ नाक्याजवळ आठवले. तिथे 'दुरवस्था' हवे. फॉर्म अजून छपाईला गेला नसेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

आपल्याला व कार्यालयातील सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

आपली नम्र,
स्नेहल पाटील
कोल्हापूर

सोबत: सही केलेल्या नियुक्तिपत्राची स्कॅन प्रत (४ पाने)