भागाच्या मध्यंतरातील प्रायोजक संदेश: महेश्वरी हातमाग, शीतलामाता बाजार, इंदूर

मुलगा मालेराव याच्या मृत्यूनंतर 1767 मध्ये अहिल्याबाईंनी होळकरांचा कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि नर्मदाकाठचे महेश्वर ही राजधानी केली, इथपर्यंत आपण आलो आहोत. यापुढचा विषय महेश्वरच्या विणकरांचा आहे. तो सुरू करण्यापूर्वी आजच्या भागाच्या प्रायोजकांविषयी बोलते. पुढची काही मिनिटे प्रायोजित आहेत, म्हणजे या भागाच्या ध्वनिमुद्रणाचा आणि संपादनाचा खर्च त्यांनी उचलला आहे. इतिहासाचा जो मजकूर तुम्ही आतापर्यंत ऐकला आणि यानंतर ऐकणार आहात, तो त्यांनी आधी पाहिलेला नाही आणि पाहायला मागितलाही नाही.

प्रायोजक आहेत महेश्वरची काही विणकर कुटुंबे. त्यांनी एकत्र येऊन इंदूरला शीतलामाता बाजारात स्वतःचे विक्री केंद्र उघडले आहे. दुकान लहान आहे आणि फलकावर ‘महेश्वरी हातमाग’ एवढीच अक्षरे आहेत. महेश्वर इंदूरपासून सुमारे 90 किलोमीटर, त्यामुळे आपल्यापैकी अनेक जण घाटावर जातात आणि येताना एखादी साडी घेऊन येतात. ज्यांना वारंवार जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी विणणाऱ्यांनीच साड्या इकडे आणल्या आहेत. आठवड्यात ठरलेल्या दिवशी त्या घरांतील कोणी ना कोणी दुकानात बसते, त्यामुळे ज्या साडीवर तुमची नजर थांबली ती कोणाच्या मागावर झाली, हे तिथेच विचारता येते.

प्रायोजकत्वाचे बोलणे होण्याच्या बरेच आधी मी या दुकानातून पूर्ण किंमत देऊन एक साडी घेतली होती. हिरव्या अंगाची, चटईच्या नक्षीच्या काठाची ती साडी मी उन्हाळ्यातल्या लग्नांना नेसते, कारण ती अंगावर हलकी राहते. त्याचे कारण तिच्या विणीत आहे. पूर्वी महेश्वरी साडी संपूर्ण सुती असे. आज प्रचलित असलेल्या साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. रेशमामुळे तिला झळाळी येते, तर सुतामुळे घाम टिपला जातो आणि निऱ्या जागच्या जागी बसतात. इंदूरच्या मे महिन्यात पंगतीत वाढायला उभे राहायचे असेल, तर हा गुण किती मोलाचा आहे हे निराळे सांगायला नको.

महेश्वरीच्या काठाविषयी मात्र थोडे सविस्तर बोलावेसे वाटते, कारण माझ्या मते या साडीचे खरे वैभव काठातच आहे. बुगडी म्हणून ओळखला जाणारा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून ती साडी उलटसुलट कशीही नेसता येते. नर्मदेच्या पाण्यावरून घेतलेली लहर, चटई आणि चमेलीचे फूल या नक्ष्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत, आणि किल्ल्याच्या दगडी कोरीव कामातून विणकरांनी आकार उचलले असेही महेश्वरात सांगतात. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्या मध्ये दोन पांढरे. घरातील जुन्या पेटीत आजीची किंवा आत्याची महेश्वरी असेल, तर हा भाग संपल्यावर तिचा पदर उघडून अवश्य पाहा. साध्या अंगाची चंद्रकला आणि पट्ट्यांची किंवा चौकटींची परबी ही नावे आपल्या घरांतून हळूहळू नाहीशी होत आहेत. या दुकानात मात्र ती अजून रोजच्या बोलण्यात ऐकू येतात, आणि मला तिथे पुन्हा जावेसे वाटते त्याचे हे मोठे कारण आहे.

किमतीविषयी स्पष्टच बोलते. बाजारात महेश्वरी म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच साड्या हातमागाच्या नसतात. यंत्रमागावरचे कापड स्वस्त पडते आणि दुरून सारखेच दिसते. हातमागावर साध्या अंगाची साडी विणायलाही काही दिवस लागतात, आणि ताणा तयार करून मागावर चढवण्याचे श्रम त्याआधीच झालेले असतात. त्यामुळे या दुकानातील किंमत तुम्हाला शेजारच्या दुकानापेक्षा जास्त वाटू शकेल. तुम्ही पैसे कशाचे देत आहात याची खात्री करण्यासाठी साडीवर हातमाग चिन्हाची चिठ्ठी आहे का, ते पाहा. केंद्र सरकारने हे चिन्ह 2006 मध्ये सुरू केले. त्यानंतर कापड उजेडासमोर धरा. हाताच्या विणीत कुठे किंचित घट्ट, कुठे किंचित सैल असा फरक आढळतो, आणि तो दोष समजू नये.

ज्यांना जड जरीचा शालूच हवा आहे, किंवा रोज यंत्रात धुता येईल अशी साडी हवी आहे, त्यांनी हे दुकान केवळ माझ्या शब्दाखातर गाठू नये. महेश्वरी गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवावी लागते आणि सावलीत वाळवावी लागते. ज्यांना एवढी निगा राखण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठीच ही शिफारस आहे. पुरुष श्रोत्यांसाठी उपरणी आहेत, आणि कुर्त्याचे कापडही मीटरवर मिळते.

या कार्यक्रमाच्या श्रोत्यांसाठी त्यांनी एक सवलत ठेवली आहे. दुकानात गेल्यावर ‘बुगडी’ हा शब्द सांगितलात, तर पहिल्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळेल. गुढीपाडव्यापर्यंत ही सवलत साड्या, उपरणी आणि कापड या सर्वांना लागू आहे. तुमच्या जुन्या महेश्वरीचा काठ विरला असेल आणि तशाच काठाची नवी साडी हवी असेल, तर ती सोबत घेऊन जा. नमुना पाहून विणून देता येईल की नाही, हे ते तिथेच स्पष्ट सांगतात. होकार मिळाला तर मागावर जागा होईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी, कारण आधी नोंदवलेले काम ते आधी पूर्ण करतात.

दुकान शीतलामाता बाजारात, राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी अकरा ते रात्री आठ या वेळेत ते उघडे असते आणि सोमवारी बंद असते. सणाच्या आधीच्या आठवड्यांत बाजारात गाडी नेण्याचा आग्रह धरू नका. दुपारच्या वेळी गेलात तर गर्दी कमी असते आणि विणकरांशी निवांत बोलता येते. बडोदे, ग्वाल्हेर किंवा पुण्याहून ऐकणाऱ्या श्रोत्यांना साडी टपालाने मागवता येईल, त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक या भागाच्या वर्णनात दिला आहे. छायाचित्रात रंग थोडा वेगळा दिसतो, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र आवर्जून मागवा.

महेश्वरी हातमागाच्या विणकर कुटुंबांचे मनःपूर्वक आभार. प्रायोजित भाग येथे संपला.

आता पुन्हा आपल्या विषयाकडे वळू. राजधानी महेश्वरला आली तेव्हा दरबारासाठी पागोट्यांचे आणि लुगड्यांचे कापड हवे होते, पाहुण्यांना देण्यासाठी वस्त्रे हवी होती. परंपरा असे सांगते, की अहिल्याबाईंनी त्यासाठी सुरत आणि बुऱ्हाणपूर यांसारख्या ठिकाणांहून कारागीर बोलावून त्यांना गावात वसवले.