इंडक्शन मोटरच्या बेअरिंगमधील बिघाड कंपनांवरून ओळखणारे कमी खर्चाचे यंत्र

अंतिम वर्ष प्रकल्प प्रस्ताव : सारांश
शाखा : इलेक्ट्रॉनिक्स. गट : तीन विद्यार्थी. कालावधी : २८ आठवडे.

समस्या

छोट्या मोटरचे बेअरिंग जात आले आहे हे बहुतेक ठिकाणी अजून कानानेच ओळखतात. फिटर स्क्रूड्रायव्हरचे टोक हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि निदान सांगतो. पण खरखर ऐकू येईपर्यंत रेस बरीच खरवडलेली असते.

मागच्या सत्रातील मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही ADXL345 वापरून हेच करायला गेलो आणि फसलो. असंतुलनाचे २४ हर्ट्झचे शिखर स्वच्छ दिसले, खराब बेअरिंगचे मात्र काहीच नाही. कारण नंतर कळले. बाह्य रेसवरील खड्ड्यावरून बॉल गेला की हाउसिंगला टिचकी बसते आणि ते काही किलोहर्ट्झला घणघणते. १४४० आरपीएमला, ६२०५ बेअरिंगमध्ये (९ बॉल, d = ७.९४ मिमी, D = ३९.०४ मिमी, φ = ०) या टिचक्या

`BPFO = (n/2) · fr · (1 − (d/D) · cos φ)`

या सूत्राने सेकंदाला सुमारे ८६ पडतात. पण त्यांची ऊर्जा त्या घणघणण्यात असते. आमच्या सेन्सरची बँडविड्थ १६०० हर्ट्झलाच संपत होती. शिवाय तो आम्ही डबल टेपने चिकटवला होता, म्हणजे उरलीसुरली उच्च वारंवारताही टेपने गिळली.

प्रस्तावित पद्धत

IIS3DWB सेन्सर स्टडने हाउसिंगवर घट्ट बसवून ESP32 ला एसपीआयने जोडू. एका अक्षाचे एक सेकंदाचे नमुने सुमारे ५३ केबी होतात, ते मेमरीत मावतात. त्यावर बँडपास, एन्व्हलप आणि एफएफटी. स्लिपमुळे वेग बदलतो आणि शिखरही सरकते, म्हणून शाफ्टवर हॉल सेन्सर लावून प्रत्यक्ष वेग मोजू.

व्याप्ती

एकच मोटर, स्थिर पुरवठा, बाह्य व आंतर रेसचे दोष. केज, व्हीएफडीवरील मोटर आणि उरलेल्या आयुष्याचा अंदाज यात नाही. शेवटची गोष्ट मोहक आहे, पण तिच्यासाठी बेअरिंग मरेपर्यंत चालवावे लागेल आणि तेवढा वेळ आमच्याकडे नाही. स्वीकृतीचा निकष : ४० चाचण्यांपैकी किमान ३६ अचूक, आणि चांगल्या बेअरिंगवर एकही खोटा इशारा नाही.

वेळापत्रक

आठवडे १ ते ५ : केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या खुल्या बेअरिंग डेटावर अल्गोरिदम तपासणे.
आठवडे ६ ते १२ : सर्किट, माउंटिंग, चाचणी रिग.
आठवडे १३ ते २० : फर्मवेअर. सर्वाधिक वेळ इथेच जाईल. नमुने न गमावता २६.७ किलोहर्ट्झने वाचणे ही खरी कसोटी.
आठवडे २१ ते २५ : चाचण्या.
आठवडे २६ ते २८ : अहवाल व सादरीकरण.

सोळाव्या आठवड्यापर्यंत नमुने गळायचे थांबले नाहीत, तर बोर्ड फक्त साठवणूक करेल आणि विश्लेषण संगणकावर होईल.