सर्व्हिस स्टाफ ड्युटी चार्ट: सोमवार 3 ते रविवार 9 ऑगस्ट 2026

सकाळ म्हणजे 9:30 ते 5:30, रात्र म्हणजे 3:30 ते 11:30. दोन्हींत अर्धा तास जेवणाचा, तो कामात धरलेला नाही, म्हणजे साडेसात तास काम. ब्रेक शिफ्ट 11 ते 3:30 आणि 7 ते 11:30, एकूण नऊ तास. जेवण मधल्या ब्रेकमध्ये.

| | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि |
|---|---|---|---|---|---|---|---|
| दिलीप (कॅप्टन) | रात्र | सुट्टी | सकाळ | सकाळ | ब्रेक | रात्र | ब्रेक |
| संतोष | सुट्टी | सकाळ | ब्रेक | रात्र | रात्र | रात्र | ब्रेक |
| प्रशांत | सुट्टी | रात्र | रात्र | रात्र | रात्र | ब्रेक | ब्रेक |
| राजू | सकाळ | सुट्टी | सकाळ | सकाळ | ब्रेक | रात्र | ब्रेक |
| अनिकेत | ब्रेक | ब्रेक | रात्र | सुट्टी | सकाळ | सकाळ | सकाळ |
| दुपारी / रात्री माणसं | 2/2 | 2/2 | 3/3 | 2/2 | 3/4 | 2/4 | 5/4 |

ओंकार आणि सिद्धेश कॉलेज सांभाळून येतात. दोघंही रविवारी 11:30 ते 4. शुक्रवारी रात्री 7:30 ते 11 फक्त ओंकार.

प्रत्येकाला दोन ब्रेक, सकाळ किंवा रात्रीच्या चार शिफ्ट, एक सुट्टी. म्हणजे सगळ्यांचे 48 तास बरोबर भरतात. तिसरा ब्रेक कुणालाही लावणार नाही, कुणी आपणहून मागितला तरी. आणि रात्री शटर ओढून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी 11 च्या आधी बोलावलेलं नाही. तक्त्यात कुणाच्याही ‘रात्र’ किंवा ‘ब्रेक’नंतर लगेच ‘सकाळ’ दिसणार नाही, तपासून बघा.

शनिवारी दुपारी दोनच माणसं का, असं दिलीपने विचारलं. आपल्याकडे येणारं गिऱ्हाईक मासे खायला येतं, आणि शनिवार पाळणारी घरं कोथरूडमध्ये भरपूर. दुपारी बरीच टेबलं रिकामी असतात, जी भरतात ती व्हेज थाळीवर. रात्री नऊनंतर मात्र मुलामुलींचे घोळके येतात आणि शटर ओढायच्या वेळेपर्यंत हलत नाहीत, म्हणून रात्री चार. सोमवार, मंगळवार, गुरुवार याच कारणाने हलके ठेवले आणि सुट्ट्या तिथेच घातल्या. ‘वीकेंड’ म्हणून शनि-रवि एकाच मापाने मोजले तर शनिवारी दुपारी माणसं उभी राहतात आणि रविवारी कमी पडतात.

या रविवारबद्दल. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, म्हणून आणखी दोन पोरं मागवा असं काउंटरवरून सुचवलं होतं. मला ते पटलेलं नाही. त्याच दिवशी कामिका एकादशी आहे, घरातली मोठी माणसं उपास धरतात आणि मग सगळं कुटुंब येत नाही. गर्दी होईल, पण नेहमीच्या रविवारपेक्षा फार वर जाणार नाही. मासेमारीबंदीनंतरचे हे सुरुवातीचे दिवस, मासळी येईल तशी येते. सुरमई आहे की संपली, हे ऑर्डर घेण्याआधी गणपतमामांना विचारा, टेबलावर जाऊन माघार घेऊ नका.

मंगळवारी दिलीप नाही. दुपारी टेबलं वाटायचं काम संतोषकडे, रात्री प्रशांतकडे.

ब्रेक म्हणजे ब्रेक. 3:30 ते 7 या वेळात ब्रेकवाल्याला कांदा सोलायला किंवा पार्सल पोचवायला कुणी धाडायचं नाही, मीसुद्धा नाही. हडपसरहून येणाऱ्याला साडेतीन तासांत घरी जाऊन परत येण्यात अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. माळ्यावरची खोली या वेळेत झोपायला मोकळी राहील. वाढदिवसाची पार्टी आली तरी ती खोली देणार नाही. टेबल उठलं नाही म्हणून 3:30 नंतर थांबावं लागलं तर काउंटरवरच्या वहीत वेळ लिहा आणि वैशालीची सही घ्या. 48 तासांवर गेलेला वेळ दुप्पट दराने मिळेल. वहीत नसेल तर महिनाअखेरीला माझ्याशी वाद घालू नका.

प्रशांतला लागोपाठ चार रात्री आल्यात. पुढच्या आठवड्यात त्याच्या वाट्याला सकाळ जास्त. रविवारी ब्रेक नसणारा माणूस दर आठवड्याला बदलतो: गेल्या वेळी राजू होता, आता अनिकेत, पुढे संतोष. ज्याला रविवारी सकाळ, त्याचीच सोमवारची सकाळ.

अदलाबदल करायची असेल तर दोघांनी मिळून आदल्या दिवशी दुपारी 4 पर्यंत मला सांगायचं. ब्रेकच्या बदल्यात ब्रेक, सकाळच्या बदल्यात सकाळ, म्हणजे तास बिघडत नाहीत. रात्रीनंतर सकाळ येत असेल तर नाही म्हणेन. आजारी असाल तर फोन करा, मेसेज टाकून मोकळे होऊ नका. सकाळी तो कुणी वाचत नाही.

बुधवार 12 ला अमावास्या, गटारी. त्या दिवशी सुट्टी कुणालाच नाही, पाचही जणांना ब्रेक. गावी जायचं असेल त्याने 13 नंतरचे दिवस आत्ताच मागा. श्रावण लागला की एका ब्रेकवर येऊ आणि साठलेल्या सुट्ट्या तेव्हाच काढू. पगार महिन्यावर आहे, तास कमी झाले म्हणून कापला जाणार नाही.

मॅनेजर
शनिवार, 1 ऑगस्ट