दापोली ते शारजा : रोजचं किरकोळ बोलणं

कोकणातल्या माणसाला घरापासून लांब राहणं नवीन नाही. गिरणगावात राहणारा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचा. मधल्या महिन्यांत मनीऑर्डर यायची आणि तिच्या तळाशी जागा असेल तेवढा मजकूर. १९७०च्या दशकात तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामं निघाली आणि रत्नागिरी-रायगडची माणसं, विशेषतः खेड, दापोली, मंडणगड भागातल्या कोकणी मुसलमान घरांतली, कुवेत, सौदी, दुबईची वाट धरू लागली. सुट्टी आता वर्षा-दोन वर्षांनी मिळायची. परदेशी फोन महाग होता, त्यासाठी बाजारपेठेत जावं लागे आणि बूथमधल्या मीटरवरचा आकडा पळत असताना कुणाला गप्पा सुचणार? बारसं, लग्न, आजारपण, मयत, जमिनीचा वाद, पैसे पोचले की नाही : एवढंच बोललं जायचं.

मला वाटतं, या काळात माणसं जी तुटली ती पत्रं कमी लिहिली म्हणून नाही. मोठ्या बातम्या सगळ्या पोचत होत्या. पोचत नव्हतं ते किरकोळ : आज कोलिम मिळाली, शेजारच्या म्हशीला रेडकू झालं, पडवीतली फरशी उखडली, वहिनी दोन दिवस गप्प गप्प आहे. घरातला माणूस घरातला राहतो तो या असल्या माहितीवर. ती दोन वर्षं मिळाली नाही की सुट्टीवर आलेला बाप आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसतो. माझ्या पिढीच्या अनेकांनी असा बाप पाहिला आहे.

त्या वेळी यावर एक उपाय लोकांनी स्वतःच काढला होता. टेपरेकॉर्डर आखातातूनच यायचा आणि कोऱ्या कॅसेटवर बोलून ती सुट्टीवर जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली जायची. घरची मंडळी ती ऐकायची, मग दुसऱ्या बाजूला आपलं भरायची. लिहिता न येणारी आजीसुद्धा त्यात बोलू शकायची. मागे कोंबडा आरवायचा, कुणी भांडं पाडायचं, तेही सगळं जायचं. पाठवणाऱ्याला नको असलेले आवाज ऐकणाऱ्याला सगळ्यांत जास्त हवे असायचे.

व्हॉट्सॲपवर २०१३ साली आवाजी निरोप आले तेव्हा ही कॅसेटच परत आली, फक्त न्यायला माणूस लागेनासा झाला. गावाकडे मात्र त्याचा खरा उपयोग २०१६नंतर सुरू झाला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मुंबईतल्या मुलाचा जुना फोन वाडीवरच्या आईच्या हातात पडला. माझ्या सासूबाई टाइप करत नाहीत. चष्मा शोधा, अक्षर शोधा, जोडाक्षर सापडत नाही, एवढ्यात त्यांचा भात उतू जातो. पण माइकचं चित्र दाबून धरायचं हे त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. आता चुलीपुढे बसून त्या मला सांगतात, "अगं, कोकमं वाळत घातलीत, पण ऊनच नाही बघ." मी ते इथे शारजात ऑफिसला जाताना बसमध्ये ऐकते, संध्याकाळी उत्तर देते. त्यांना माझा वेळ मोडावा लागत नाही, मला त्यांचा. व्हिडिओ कॉलचं सगळ्यांना कौतुक आहे, पण संसार चालतो तो या निरोपांवर.

संयुक्त अरब अमिरातीत तर याला आणखी एक कारण आहे. इथे व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो जातात, आवाज भरून पाठवता येतो, पण थेट कॉल चालत नाही. इंटरनेटवरून बोलायचं तर परवानगी असलेलं ॲप हवं, म्हणून इथल्या बहुतेक भारतीयांच्या फोनमध्ये बोटिम असतं. २०१८मध्ये अशा कॉलसाठी मोबाइलवर महिन्याला ५० दिरहॅमचा वेगळा प्लॅन घ्यावा लागे. लेबर कॅम्पमधल्या माणसाला ते ५० दिरहॅम म्हणजे जेवणाच्या खर्चातून काढायचे पैसे. शिवाय गावी आईच्या फोनवरही तेच ॲप हवं. ते कोण घालून देणार? अमेरिकेतला मराठी इंजिनिअर आणि इथला मराठी वेल्डर दोघेही "घरी फोन केला" म्हणतात, पण दोघांच्या हातातली सोय सारखी नाही. परदेशातल्या मराठी माणसांवर लिहिताना आपल्या नजरेसमोर न्यू जर्सी आधी येतं, दुबईतली सोनापूरची कामगार वस्ती येत नाही, आणि हे मला फार खटकतं.

वेळेच्या बाबतीत मात्र आखात सुखी आहे. भारत इथून दीडच तास पुढे. अमेरिकेत सकाळ म्हणजे गावी झोपायची वेळ. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिकडे आठ, म्हणजे मालिकांची वेळ. पूर्वी इथली सुट्टी शुक्रवारी असायची, घरच्यांची रविवारी. २०२२च्या जानेवारीपासून देशाच्या सरकारी कामकाजाला शनिवार-रविवार सुट्टी झाली, शाळा आणि बऱ्याच कंपन्याही त्यामागून गेल्या, आणि ज्यांना ती सुट्टी मिळते त्यांचा रविवार घरच्यांच्या रविवाराला मिळाला. सगळे एकाच वेळी मोकळे असणं ही सोय कुठलं ॲप देऊ शकलं नव्हतं.

मालिकांबद्दल शिकलेली माणसं नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. १९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, तेच पुढे झी मराठी झालं. मग इतर वाहिन्या आल्या. २०१८मध्ये झी5 आलं आणि चुकलेला भाग मेट्रोत बसूनही बघता येऊ लागला. मालिका चांगली की वाईट हा प्रश्न इथे गौण आहे. सासूबाई आणि मी एकच मालिका बघतो, त्यामुळे आमच्यात रोज बोलायला एक तिसरं घर आहे. त्या घरातली सून नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे की तिला, पण म्हाताऱ्यांनी काय करायचं ते पण सांगून जावं." त्या मालिकेबद्दलच बोलत होत्या. मीही मालिकेबद्दलच उत्तर दिलं. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत हा विषय समोरासमोर कधी निघाला नव्हता, आणि त्या दिवशी तो बराचसा बोलून झाला.

मुलांचं वेगळं आहे. माझी मुलगी इथल्या शाळेत इंग्रजी बोलते, खाली खेळताना हिंदी. मालिकेत तिला रस नाही. पण यूट्यूबवरचे मराठी विनोदी व्हिडिओ ती तिच्या चुलत भावाबरोबर बघते. तो दापोलीत, ही इथे, आणि दोघं एकमेकांना त्यातली वाक्यं पाठवतात. तिच्या मराठीत त्यामुळे पुणेरी बोलणं शिरलं आहे, कोकणी हेल कमी आहे. तो हेल येतो आजीच्या निरोपांतून. मी ते निरोप पुसू देत नाही.

एक गोष्ट मराठी वाहिन्यांना सांगावीशी वाटते. मुंबई-पुण्याच्या बातम्या आम्हाला कुठेही मिळतात. आम्हाला हवी असते ती हर्णै बंदरातली, खेडच्या बाजारातली, जगबुडी नदीच्या पाण्याची पातळी सांगणारी बातमी, आणि ती देतात जिल्ह्यातले एकटे-दुकटे पत्रकार, हातातल्या मोबाइलवर, यूट्यूबवर. चित्र हलतं, वाऱ्यानं आवाज फाटतो, तरी पावसाळ्यात आम्ही ते आधी लावतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडात माड, पोफळी, आंबे झोपले, घरांवरचे पत्रे गेले, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. करोनामुळे नेहमीची विमानंही नव्हती. आम्ही पाठवलेल्या निरोपापुढे एकच करडी खूण राहिली, दुसरी उमटेना. तेव्हा इथे वाडीवाडीचे ग्रुप उभे राहिले. कुणाचा भाऊ टेकडीवर चढून रेंज पकडायचा आणि पाच-सहा घरांची खबर एकदम सांगायचा. ती आखातभर फिरायची. आमच्या घराची खबर मला आली ती कुवेतमधल्या एका बाईकडून. तिचं माहेर आमच्या शेजारच्या गावात. आम्ही एकमेकींना आजवर भेटलेलो नाही.

व्हिडिओ कॉलवर माझा भरवसा कमी आहे, हेही सांगते. त्या चौकटीत चेहराच येतो, बहुधा अर्धा. माणूस चेहरा सावरून बसतो. एका मैत्रिणीचे वडील रोज हसून बोलायचे. पायाला सूज आहे हे तिला कळलं ते सुट्टीवर गेल्यावर, उंबऱ्यात उभी राहिल्यावर. "उगाच तुला कशाला काळजी" हे वाक्य प्रत्येक घरात आहे, आणि फोटो, सुविचार, शुभ सकाळ यांच्या रोजच्या पुरामागे ते छान लपतं. म्हणून मी आता सांगते, फोन घेऊन जरा मागीलदारी चला, माड दाखवा. चालताना दम लागतो का ते ऐकू येतं. देवघर दाखवा, गोळ्यांचा डबा दाखवा. सासूबाईंना कळतं मी काय करते आहे. त्या दाखवतात.

आणि हे सगळं चालू ठेवायला गावात एक माणूस लागतो, ज्याचं नाव कुठल्याच लेखात येत नाही. फोन अडकला की सोडवणारा, रिचार्ज संपला की मारणारा, बँकेचा ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावणारा, गणपतीत आरतीच्या वेळी फोन उंच धरून उभा राहणारा. त्या वेळी त्याला स्वतःला हात जोडता येत नाहीत. आम्ही परदेशातली माणसं घराला पैसे पाठवतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला पाठवतो. या कामाचा मोबदला द्यावा हे आमच्या मंडळात गेल्या वर्षी प्रथम कुणीतरी बोललं आणि सगळ्यांना एकदम पटलं. आमच्या वाडीत सध्या हे काम बारावीतला एक मुलगा करतो. जूनमध्ये तो शिकायला पुण्याला जाणार आहे. त्याच्या धाकट्या बहिणीला त्यानं शिकवायला घेतलंय, पण तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. तो आम्ही चौघी मिळून मे महिन्यात घेऊन जाणार आहोत.