मिलेतच्या किनाऱ्यावरून

वचन: प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

संडे स्कूलची मुलं आज खाली न जाता इथेच बसली आहेत, तेव्हा थोडी गडबड होईल. होऊ द्या. माझ्या निरोपाच्या उपासनेला नगरहून, सोलापूरहून पाहुणे आलेत. काहींची लग्नं मी याच वेदीपुढे लावली आणि त्यानंतर आजच तोंड दाखवताहेत, पण आज त्यांना रागावणार नाही. मागे महिला मंडळाने बिर्याणी केली आहे. ही गोष्ट पाळकसाहेबांना कळू द्यायची नाही असं ठरलं होतं म्हणे. आता वाऱ्याचं काय करणार?

म्हणून लांबवत नाही. याच विसाव्या अध्यायात, आपण वाचलं त्याच्या जरा आधी, पौल त्रोवसात बोलतोय आणि बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललंय. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसून पेंगायला लागतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल खाली जातो, त्याला कवटाळतो, पोरगा जिवंत होतो. एवढं झाल्यावर कुणीही उपासना आटोपती घेतली असती. पौल वर येतो, भाकर मोडतो आणि उजाडेपर्यंत बोलत राहतो. आम्हा पाळकांना हा भाग फार आवडतो.

आता आपल्या वचनाकडे येऊ. पौलाला पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेम गाठायचंय, हातात वेळ नाही. म्हणून तो इफिसात न जाता मिलेतला थांबतो आणि मंडळीच्या वडिलांना निरोप धाडतो. इफिस ते मिलेत अंतर साधारण पुणे ते केडगाव एवढं धरा. ना लोकल, ना एसटी. तरीही ती माणसं आली. तीन वर्षं पौल त्यांच्यात राहिला होता, घरोघर जाऊन शिकवलं होतं, रात्रंदिवस आसवं गाळली होती. तो सांगतो, कुणाच्या सोन्यारुप्याचा किंवा कपड्यांचा मी लोभ धरला नाही. माझ्या गरजा याच हातांनी भागवल्या. मग सांगतो, मी गेल्यावर लांडगे येतील, आणि बाहेरूनच येतील असं नाही, तुमच्यातूनही माणसं उठतील. शेवटी तो त्यांना कुणाच्या हाती सोपवतो? हे वचन मी इतकी वर्षं वाचतोय, पण माझा निरोप ठरल्यावर पहिल्यांदा नीट लक्षात आलं की पौल तिथे कुठल्याही माणसाचं नाव घेत नाही. ‘माझ्यामागे अमुक तुमच्याकडे बघेल’ असं म्हणत नाही. तो त्यांना देवाकडे आणि त्याच्या कृपेच्या वचनाकडे सोपवतो.

आज मला एवढंच सांगायचंय. तुम्ही माझे नव्हता. मी गेल्यावर नव्या पाळकांचेही होणार नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं, कारण सगळेच मान हलवताहेत. पण गेल्या दोन महिन्यांत मला किती जणांनी सांगितलं, ‘साहेब, आमच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, तुम्हीच लावायचं. नव्या साहेबांचं बघू नंतर.’ प्रेमाने सांगितलं, मला ठाऊक आहे. पण त्यातून काय होतं ते मी इतर मंडळ्यांमध्ये पाहिलंय. नव्या पाळकाला लग्नाची बातमी पत्रिकेतून कळते. मग बारसं, मग घरभरणीची प्रार्थना. मग एखादी आजी ससूनमध्ये दाखल होते आणि तिच्या उशाशी जुना पाळक बसलेला असतो. नवा दारातून डोकावतो आणि परत जातो. करिंथात नेमकं हेच झालं होतं. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’. पौलाला आपला गट आहे याचा आनंद झाला नाही, तो चिडला. लिहिलं, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने.

माणूस पाळक होतो तो इस्पितळातल्या खाटेजवळच्या स्टुलावर, मयताच्या घरी पायऱ्यांवर, रात्री दोन वाजता वाजलेल्या फोनवर. या पुलपिटावर तो फक्त बोलतो. त्या जागा मी अडवून ठेवल्या, तर हे भाऊ तुमचे पाळक कधीच होणार नाहीत, दर रविवारी येऊन बोलणारे पाहुणे होतील. म्हणून निदान वर्षभर मला लग्नाला, बाप्तिस्म्याला, दफनविधीला बोलवायचं नाही. नव्या पाळकांनी स्वतः बोलावलं तर येईन, आणि मागच्या बाकावर बसेन. फोन केलात तर चहाला या म्हणेन. ‘साहेब, नवे पाळक असं करतात हो’ अशी सुरुवात झाली की मात्र मला कमी ऐकू यायला लागेल. तसंही डाव्या कानाने कमीच येतं.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं झाली, असं कसं तोडून टाकायचं? मी आलो १९९३ साली. सामान अजून खोक्यात होतं आणि तीस सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या आठवड्यात या हॉलमध्ये गोधड्यांचा ढीग छताला टेकला होता. मला कुणाची नावंही माहीत नव्हती. कोण कुणाची सून, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, काहीच नाही. बायकांनी कपडे निवडले, मुलांनी ट्रक भरले, आणि मला सांगितलं, ‘साहेब, तुम्ही फक्त प्रार्थना करा आणि बाजूला उभे राहा.’ पाळकाच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या सेमिनरीत मिळालं नव्हतं.

२००९ सालचं तरुणांना आठवणार नाही. पुण्यात स्वाइन फ्लू आला, शाळा बंद झाल्या, आणि कमिटीत प्रश्न आला की प्रभूभोजनाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठाला लावायचा की छोटे प्याले आणायचे. काय भांडलो आपण! ख्रिस्ताने एक प्याला दिला, तुम्ही चाळीस कुठून आणता, असं एक काका उभे राहून म्हणाले. ते आज नाहीत. कुणी डॉक्टरांचा दाखला दिला, कुणी आजोबांचा. शेवटी छोटे प्याले आले. पुढच्या महिन्यात प्रभूभोजन झाल्यावर मी वेस्ट्रीत गेलो, तर तेच काका शर्टाच्या बाह्या दुमडून नळाखाली एकेक प्याला धूत होते आणि पंचावर उपडे मांडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बायकांना सांगितलं तर फोडतील.’ मरेपर्यंत ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. भांडण मी मिटवलेलं नव्हतं. माझा त्या विषयावरचा उपदेश तर कुणालाच पटला नव्हता, दोन्ही बाजूंना.

आणि २०२०. ते वर्ष आठवलं की अजून झोप लागत नाही. दफनाला वीस माणसांची परवानगी होती. एका दुपारी कबरस्तानात आम्ही चौघेच होतो, त्यातले दोघे खड्डा खणणारे. मयताचा मुलगा स्वतः दवाखान्यात, ऑक्सिजनवर. फोन स्पीकरवर टाकून मी मातीच्या ढिगावर ठेवला आणि तेविसावं स्तोत्र वाचायला लागलो. मास्कमध्ये माझा चष्मा धुक्याने भरला, ओळ दिसेना, थांबलो. तेवढ्यात फोनमधून पुढची ओळ आली. आईने पाठ करून घेतलं होतं त्याच्याकडून. तो धापा टाकत म्हणत गेला आणि मी त्याच्या मागून.

त्या घरी तीन आठवडे डबा कुणी पोचवला हे मला फार नंतर कळलं. आपल्या क्वायरमधल्या दोन घरांनी, ज्यांचं त्या कुटुंबाशी जागेवरून वाकडं होतं. मी सांगितलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. वाढवलं देवाने म्हणतात ते असं.

म्हणूनच कमिटीने माझ्या नावाच्या संगमरवरी पाटीचा विषय काढला तेव्हा मी नाही म्हटलं. मोशेसारख्या माणसाची कबर कुठे आहे हे कुणाला माहीत नाही, असं अनुवाद या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहिलंय. लोक त्याच्यासाठी तीस दिवस रडले, मग शोकाचे दिवस संपले आणि ते यहोशवाचं ऐकू लागले. मोशेला तीस दिवस, तेव्हा मला बिर्याणी संपेपर्यंत पुरे. पाटीचे पैसे दहावी-बारावीच्या मुलांच्या फीकडे वळवा. तीन मुलांची फी अजून भरायची आहे. सेक्रेटरींकडे नावं आहेत, ती इथून वाचणार नाही.

पुढे काय करणार, असं सगळे विचारतात. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि प्रभूचं काम तेवढं जवळ ठेवलं. मी टिळक नाही, मला पेन्शन लागते. पण पगार थांबला की सेवा थांबते असं त्यांनी मानलं नाही, तेवढं मी उचलतो. आमच्या पाळकीणबाईंचं म्हणणं आहे की पहिले सहा महिने मी घरातल्या माळ्याची सेवा करावी. इतकी वर्षं रविवारी जेवण चारला आणि नाताळात घरात नवरा नाही, हे त्यांनी चालवून घेतलंय. तेव्हा माळा आधी.

आता थोडं पहिल्या बाकावरच्या आपल्या नव्या पाळकांशी बोलतो. साहेब, चार्ज देताना रजिस्टरं, किल्ल्या, पासबुक सगळं सह्या करून दिलंय. जे लिहून देता येत नाही ते इथे सांगतो, सगळ्यांच्या देखत. पावसाळ्यात वेस्ट्रीच्या कोपऱ्यात गळतं, बादली कपाटामागे आहे. पेटीचा भाता फाटलेला आहे पण वाजवणाऱ्या भाऊंना तसं म्हणायचं नाही. निम्मी मंडळी पूर्वी नाना पेठेत, भवानी पेठेत पायी फिरून भेटायची. आता हडपसर, वाघोली, लोहगावला गेली आहे. भेटीचा एक दिवस रस्त्यातच जातो, जाऊ द्या. वाघोलीच्या घरी चहा नको म्हणू नका, त्या माणसाने तीन दिवस वाट पाहिलेली असते. आणि उजव्या बाजूच्या खांबाजवळ बसणाऱ्या आजी उपदेश चालू असताना डोळे मिटतात. झोपत नाहीत. सोमवारी मुद्देसूद प्रश्न विचारतात.

आणि मंडळी, त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या. ते गाणी बदलतील. नव्या चाली आणतील. गुड फ्रायडेची उपासना कदाचित तीन तासांची ठेवणार नाहीत, आणि तुमच्यातले काही जण मनातल्या मनात प्रभूचे आभार मानतील. भांडायचं असेल तर कमिटीत भांडा, तोंडावर भांडा, आणि मग प्याले धुवा. इफिसकरांना पुढे प्रकटीकरणात निरोप गेला तो ऐका. खोटे प्रेषित त्यांनी ओळखले होते, श्रमही भरपूर केले होते. लांडग्यांची पौलाची ताकीद त्यांनी पाळली. पण प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. आपली शिस्त, आपला हिशोब, आपला कापणीचा सण सगळं नीट चाललंय. त्याची मला काळजी नाही. नवीन माणूस दारात आला तर कोण सरकून त्याला बाकावर जागा देतो, त्याकडे माझं लक्ष असायचं. इथून सगळं दिसतं, तुम्हाला वाटत नसलं तरी.

मिलेतला त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, मग पौलाच्या गळ्यात पडून रडले, मग त्याला जहाजापर्यंत पोचवलं. या क्रमाने करू. आता आपण प्रार्थना करू, रडणं हॉलमध्ये जेवताना होईल, आणि जहाज म्हणून बाहेर रिक्षा ठरवलेली आहे.

रोजच्यासारखा आशीर्वाद देऊन मी उपासना संपवणार नाही. तो नवे पाळक देतील. साहेब, या, वर या. मी खाली येतो आणि मंडळीबरोबर उभा राहून घेतो. सर्वांनी उभे राहू या.