आठ टाळ्यांचं ग्रहगाणं
(इयत्ता तिसरी, राष्ट्रीय विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी. म्हणणारी मुलं नऊ: एक सूर्य, आठ ग्रह)

ध्रुवपद सगळा वर्ग मिळून म्हणेल. एका नावाला एकच टाळी. 'युरेनस' आणि 'नेपच्यून' ही नावं लांब असल्यामुळे मुलं तिथे हमखास दोन टाळ्या वाजवतात आणि मोजणी नऊ-दहावर जाते. म्हणून टाळी नावाच्या पहिल्या अक्षरावर वाजवायची, उरलेली अक्षरं हात उघडत म्हणायची. कडवं मात्र त्या त्या ग्रहाच्या मुलाने एकट्याने, पुढे येऊन म्हणायचं.

ध्रुवपद
बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ,
खडकांचं हे पहिलं दळ!
गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून,
आठही झाले, पाहा मोजून!

सूर्य
मधोमध हा सूर्य तळपतो,
आपल्या तेजाने झळकतो.
ग्रह नव्हे तो, आहे तारा,
त्याच्याभवती सर्व पसारा.

बुध
पहिला बुध तो, लहान भारी,
सूर्याच्या अगदी शेजारी.
लगबग लगबग पळतो फार,
८८ दिवसांत फेरी पार!

शुक्र
दुसरा शुक्र ढगांत लपला,
सगळ्यांपेक्षा जास्त तापला.
अंगावर जाड हवेची गोधडी,
आतली धग सुटेना थोडी.

पृथ्वी
तिसरी पृथ्वी, आपलं घर,
पाणी, झाडं, प्राणी जिच्यावर.
३६५ दिवसांत फेरी करते,
चंद्राचं बोट हाती धरते.

मंगळ
चौथा मंगळ, माती लाल,
लोखंड गंजलं, हीच कमाल!
भारताचं ते मंगळयान
२०१४ ला पोचलं छान.

(सगळे, चारच टाळ्या)
बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ,
खडकांचं हे पहिलं दळ!

मंगळ संपला, थांबू इथे,
लघुग्रहांचा पट्टा जिथे.
लाखो खडक फिरत असती,
त्यांची ग्रहांत नाही गणती.

गुरू
पाचवा गुरू सर्वांत मोठा,
वायूचा गोळा, जमिनीला तोटा!
दिवस त्याचा १० तासांत सरतो,
इतका गरगर स्वतःभोवती फिरतो.

शनी
सहावा शनी, कडी भोवती,
बर्फ-खडकांचे तुकडे किती!
भिऊ नका, बघा दुर्बिणीतून,
कडी त्याची दिसतील उठून.

युरेनस
सातवा युरेनस, निळसर-हिरवा,
आसावरती पुरता आडवा.
८४ वर्षं एका फेरीला,
आजीचं वय लागतं त्याला!

नेपच्यून
आठवा नेपच्यून, निळा नि गार,
सूर्यापासून दूर फार.
वारे तिथले फार सोसाट्याचे,
वर्ष १६५ वर्षांचे त्याचे!

(सगळे, आठ टाळ्या)
बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ,
खडकांचं हे पहिलं दळ!
गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून,
आठही झाले, पाहा मोजून!

चूक होते ती इथे
वारांची यादी इथे न चाले,
तिच्यामुळे तर घोटाळे झाले!
वारांत मंगळ बुधाच्या पुढे,
ग्रहांत बुधच पहिला गडे!

गुरू नि शुक्र वारांत शेजारी,
ग्रहांत त्यांची दूर दूर स्वारी.
पृथ्वीच्या नावे वारच नाही,
म्हणून तिला विसरतात काही.

रविवार, सोमवार ठेवा बाजूला,
सूर्य नि चंद्र न ग्रहांच्या रांगेला.
एक तो तारा, दुसरा उपग्रह,
म्हणून पाहा पुन्हा आठही ग्रह!

प्लूटोची होती नववी गादी,
२००६ ला बदलली यादी.
बटुग्रह आता म्हणतात त्याला,
आठच टाळ्या आपल्या गाण्याला.

दोरीवर म्हणताना

३० मीटर लांबीची सुती दोरी मैदानावर सरळ ताणायची. एका टोकाला सूर्य. दोरीवरचा १ मीटर म्हणजे १५ कोटी किलोमीटर, म्हणजेच सूर्य ते पृथ्वी हे अंतर. सूर्यापासून मोजून रंगीत चिंध्या बांधायच्या: बुध ४० सेंटिमीटर, शुक्र ७० सेंटिमीटर, पृथ्वी १ मीटर, मंगळ दीड मीटर, गुरू ५ मीटर २० सेंटिमीटर, शनी साडेनऊ मीटर, युरेनस १९ मीटर आणि नेपच्यून अगदी शेवटी, ३० मीटरवर. प्रत्येक अंतर सूर्याकडूनच मोजायचं. आधीच्या गाठीपासून मोजलं तर सगळा हिशेब चुकतो आणि दोरी पुरत नाही.

पहिली चार मुलं दीड मीटरमध्ये एकमेकांना ढकलतील. त्यांनी दोरीलगत उभं राहू नये, चिंधीच्या सरळ रेषेत दोन्ही बाजूंना आलटूनपालटून बसावं: बुध डावीकडे, शुक्र उजवीकडे, पृथ्वी पुन्हा डावीकडे, मंगळ उजवीकडे. ही दाटी मुलांना डोळ्यांनी दिसलीच पाहिजे. पुस्तकातल्या चित्रात आठही ग्रह सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे गुरू मंगळाच्या लगेच पलीकडे आहे असं मुलांना वाटतं. लघुग्रहांचं कडवं चालू असताना एका मुलाने मंगळापासून गुरूपर्यंत चालत जावं. तेवढ्या मोकळ्या जागेतून चालल्यावर 'मंगळानंतर कोण?' हा प्रश्न पुन्हा अडत नाही.

हातातली पुठ्ठ्याची वर्तुळं सगळी सारख्याच आकाराची ठेवावीत. दोरीच्याच मापाने बघितलं तर सूर्य जेमतेम हरभऱ्याएवढा होतो आणि पृथ्वी केसाच्या जाडीइतकी, लांबून दिसणारच नाही. दोरी फक्त अंतर दाखवते, आकार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायचं. ग्रह आकाशात असे एका ओळीत उभे नसतात, प्रत्येक जण आपल्या वाटेवर वेगळ्या ठिकाणी असतो, हेही सांगायचं. त्यासाठी गाणं संपल्यावर दोरी जमिनीवर ठेवून सूर्य जागेवर थांबेल आणि बाकीचे आपापल्या अंतरावरून त्याच्याभोवती एकाच दिशेने, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट, चालतील. बुध भराभर, नेपच्यून अगदी सावकाश. जागा कमी असेल तर शनीपर्यंतच फिरवावं.

गाणं पाठ झालं तरी बरीच मुलं 'शनीच्या आधी कोण?' विचारलं की बुधापासून सुरुवात करून मनात टाळ्या मोजतात. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला पहिला, दुसरा, तिसरी असा क्रमांक घातला आहे तो यासाठीच. शेवटच्या तालमीला क्रमांक पुकारायचा, 'सहावा!', आणि त्या मुलाने थेट आपलं कडवं म्हणायचं. मग उलटं म्हणवून घ्यायचं: नेपच्यून, युरेनस, शनी, गुरू, मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध. उलटं म्हणताना चाल सुटते आणि खरोखर लक्षात राहिलेलं तेवढंच उरतं. बहुतेक जण पृथ्वी आणि शुक्राची अदलाबदल करतात. तसं झालं तर त्या दोन मुलांना दोरीवर पुन्हा बसवून फक्त पहिली चार नावं पुढून आणि मागून तीन-तीनदा म्हणून घ्यावीत.