विचारलं नाही, आई

(बोलत, वाजवायच्या आधी)

आई, बस इथे. खुर्ची पुढे घेतलीस तरी चालेल.

हे गाणं तुझ्यासाठी बांधलंय. चाल साधी आहे, ओवीसारखी, आठ-आठ अक्षरांची. कुठे एखादं अक्षर जास्त झालं तर मी ओढून घेईन. ठेका पायाने धरणार आहे, पुढे बोटं, मागे टाच. तुला ओळखू येईल.

यात गोष्ट एकच आहे, तुझ्या शिवणाच्या मशीनची. माझं उशिरा येणं, फोन न उचलणं, तोंडावर बोलून जाणं, ते काही आणलेलं नाही. सगळ्याची एका दमात माफी मागितली असती तर त्यात ही एक लपून गेली असती, आणि मला ती लपवायची नाही.

(गात)

विचारलं नाही, आई,
भंगारात दिली तुझी
पायाची मशीन जुनी;
चूक माझी, फक्त माझी.

मावशीकडे गेलीस
चार दिवसांसाठी तू;
मला वाटलं, खोलीला
तेवढ्यात रंग देऊ.

कपाट ओढलं आधी,
खाट बाहेर काढली,
खिडकीच्या खाली तेव्हा
मशीन ती आड आली.

वरती कापडी खोळ,
खोळीवर धूळ होती;
धूळ बघून म्हणालो,
"पडून आहे नुसती."

दारावर आला होता
भंगारवाला सकाळी;
दोघांनी उचलली ती
बिडाच्या पायांची काळी.

चाक फिरलं जिन्यात,
पाय कुणाचा नसता;
ऐकून दार लोटलं,
खूश मी, खोली पाहता.

विचारलं नाही, आई,
भंगारात दिली तुझी
पायाची मशीन जुनी;
चूक माझी, फक्त माझी.

(बोलत, ठेका चालू)

त्या रात्री तुझा फोन आला होता. मी रंगाबद्दल सांगितलं. कुठला रंग, किती हात मारले, वास अजून जात नाही, सगळं सांगितलं. मशीनचं सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, आई. तुझा आवाज ऐकून तोंडात आलेलं मी गिळलं.

तू आलीस तेव्हा पिशवी खाली ठेवलीस, भिंतींकडे बघितलंस, "छान झालाय" म्हणालीस. मग खिडकीकडे बघितलंस. तू काही विचारायच्या आधीच मी बोलून मोकळा झालो, "पडून होती नुसती, देऊन टाकली."

(गात)

"बरं" म्हणालीस, आणि
पाणी प्यालीस उभ्याने;
चार पायांचे ते डाग
पुसलेस फडक्याने.

डाग गेले नाहीत ते,
गंज आत मुरलेला;
रोज काढताना केर
तिथे झाडू अडकला.

खणातलं सामान सारं
डब्यात मी भरलं होतं;
खडू, टेप, सात बॉबिन,
काही हरवलं नव्हतं.

डबा दिला तुझ्या हाती,
जपल्याचा आव आणून;
तू उघडलास, पाहिलास,
ठेवलास झाकण लावून.

ओरडली नाहीस तू,
रडलीसुद्धा नाहीस;
मला वाटलं, तू आता
विसरूनही गेलीस.

(बोलत)

असं मला चार महिने वाटत होतं. चार महिने मी त्या खिडकीशी बसून माझं काम केलं, आणि तू मागून चहाचा कप ठेवून जायचीस.

(गात, जरा सावकाश)

मग एका दुपारी मी
तापाने घरी पडलो;
खिडकीशी तुला बघून
दारातच थबकलो.

मांडीवर अभ्रा, हाती
सुई, डोळ्यांशी धरली;
तीनदा दोरा चुकला,
चौथ्यांदा सुई ओवली.

उजवा पाय फरशी
दाबत होता नुसता;
पुढे बोटं, मागे टाच,
पायडल तिथे नसता.

(ठेका थांबवून, बोलत)

मी सकाळी जातो, संध्याकाळी येतो. तुझी मशीन चालायची दुपारी. घर रिकामं झालं, भांडी झाली, की मग. शेजारच्यांच्या पडद्यांना दुमड घालणं, माझ्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावणं, जुन्या चादरीचे अभ्रे करणं. संध्याकाळी मी यायच्या आत तू खोळ घालून ठेवायचीस. मी रोज खोळ बघितली. तिच्याखाली काही चालतं हे मी कधी बघितलं नाही. माझ्या कॉलरी आपोआप नव्या होतात असं मी धरून चाललो होतो.

आणि ती धूळ. तीही सांगतो. त्या सकाळी रंगाआधी भिंत मीच घासली होती. खोळीवरची ती पांढरी भुकटी भिंतीची होती, तासाभराची. बोट फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं.

(पुन्हा ठेका, गात)

बॉबिन भरणं होतं
लहानपणी माझं काम;
चाक सैल करून मी
दोरा धरायचो ठाम.

शटल आत बसलं की
"टक्" वाजायचं हळूच;
तू मान न वळवता
म्हणायचीस, "हं, असंच."

चामड्याचा गोल पट्टा
सैल पडला की, कापून
तारेची आकडी पुन्हा
घालायचीस तू दाबून.

तेलाची भोकं सगळी
बोटांना तुझ्या पाठ;
आधी चिंधी शिवायचीस,
मग कापडाशी गाठ.

हे सगळं माहीत मला,
तरी म्हणालो "नुसती";
वापरातली होती ती,
मला दिसत नव्हती.

विचारलं नाही, आई,
भंगारात दिली तुझी
पायाची मशीन...

(थांबून, बोलत)

"जुनी" हा शब्द माझा आहे. तू तिला कधी जुनी म्हणाली नाहीस. तू नुसतं "मशीन" म्हणायचीस. यापुढे या ओळीत मी तो शब्द गाणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गाण्यातच सांगतो, बोलताना माझी गाडी तिथे अडते.

(गात)

रंगाचं ते निमित्त,
खरं सांगतो मी आता;
त्या खिडकीचा उजेड
टेबलाला हवा होता.

टेप लावून मोजलं,
टेबल मावत नव्हतं;
मशीन काढली की ते
बरोबर बसत होतं.

"पडून होती" हे कारण
शोधलं मी तुझ्यासाठी;
मशीन गेली ती माझ्या
साडेतीन फुटांसाठी.

वेळ होता, फोन होता,
एका फोनवर होतीस;
"देऊ का?" म्हटलं असतं,
"थांब" म्हणाली असतीस.

(बोलत, ठेका हळू)

"थांब" म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. माझी चूक ती एवढीच आहे आणि ती पूर्ण माझी आहे.

त्या दुपारनंतर मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याला मशीन आठवत होती. हेड कुणीतरी वेगळं नेलं होतं, पाय तोडून बिडाच्या ढिगात गेले होते. तो म्हणाला, "चालती होती हो. मी फिरवून बघितली होती." त्याने फिरवून बघितली होती, आई. मी बघितली नव्हती.

(गात)

शोधत गेलो नंतर,
हेड सुटलं होतं;
पायांचं बीड तोडून
भट्टीकडे गेलं होतं.

मग मोटरची आणली
मशीन, नवी कोरी;
खोक्यात तशीच आहे,
बांधलेली तिची दोरी.

(बोलत)

तीही मी तुला न विचारता आणली. आणली आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, की आता तरी हसशील. तू एकदाच लावून बघितलीस. कापड तुझ्या हातातून पुढे पळालं. तू म्हणालीस, "ही माझ्या पायाचं ऐकत नाही," आणि परत खोक्यात ठेवलीस. तेव्हा मला राग आला होता. एवढी आणली तरी हिचं समाधान नाही, असं वाटलं होतं. तू मागितली नव्हतीस. पायाचा वेग कमी-जास्त करत, वळणावर जवळजवळ थांबत तू चाळीस वर्षं शिवलंस. तुला काय हवं हे पुन्हा मीच ठरवलं होतं.

(गात)

माफ कर म्हणतो, आणि
उत्तर मागत नाही;
"बरं" म्हणू नकोस फक्त,
"बरं"ने भागत नाही.

रागव हवं तर, आई,
चार दिवस बोलू नकोस;
पण "जाऊ दे, वस्तूच ती"
माझ्यासाठी म्हणू नकोस.

काय शिवायचं राहिलं
सांग एकेक मला;
कुणाचा पडदा, कुणाची
बाही, कुठला झबला.

ऐकून घेईन सारं,
मध्ये बोलणार नाही;
"दुसरं घेऊ" असं मी
लगेच म्हणणार नाही.

विचारलं नाही, आई,
भंगारात दिली तुझी
चालती मशीन मीच;
चूक माझी, फक्त माझी.

(ठेका अगदी हळू)

टेबल काढलं माझं,
कोपरा आहे रिकामा;
नवी परत द्यायची का,
सांग, येते का ती कामा?

पायाची दुसरी कुठे
मिळते का, बघू दोघं?
चाक तू फिरवून बघ,
मी उचलेन ते ओझं.

की राहू दे रिकामं ते,
खुर्ची टाकून बसशील?
आज कळलं नाही तर
मग कधीही सांगशील.

(ठेका थांबवून, बोलत)

डबा आणलाय. सात बॉबिन आहेत, त्यातल्या दोन अर्ध्या भरलेल्या आहेत, एक पांढरी आणि एक काळी. त्या मी तशाच ठेवल्यात.

तिथे काय ठेवायचं, आई?